चोवीस अंश की तेवीस अंश एकावन्न कला?

मे महिन्यात पुण्या-मुंबईत ‘शून्य सावली’चा दिवस येतो. भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्यानंतरही सूर्य उत्तरेकडे सरकत राहतो आणि २१ जूनच्या सुमारास कर्कवृत्तावर पोहोचून माघारी फिरतो. विषुववृत्तापासून तो जास्तीत जास्त जितके अंश दूर जातो, त्याला आपल्या ज्योतिषग्रंथांत परमक्रांती म्हणतात. आज ती २३ अंश २६ कला आहे. साठ कलांचा एक अंश होतो, हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढची बरीचशी गोष्ट कलांमध्येच घडते.

नवव्या शतकातल्या बगदादमध्ये हाच आकडा डोकेदुखी होऊन बसला होता. अब्बासी खलिफांचं साम्राज्य तेव्हा सिंधपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत पसरलेलं होतं आणि बगदाद त्याची राजधानी होती. तिथल्या विद्वानांच्या टेबलावर दोन थोर परंपरांचे ग्रंथ होते आणि दोहोंत हा आकडा वेगळा होता. भारतीय ग्रंथ सांगत होते २४ अंश. ग्रीक ग्रंथ सांगत होता २३ अंश ५१ कला.

या विद्वानांविषयी एक ठरावीक वाक्य ऐकायला मिळतं: युरोप अंधारात असताना त्यांनी प्राचीन ज्ञान सांभाळून ठेवलं. मला हे वाक्य अपुरं वाटतं. नुसतं सांभाळायचंच असतं, तर दोन्ही पोथ्या नीट बांधून कपाटात ठेवल्या असत्या आणि प्रश्न मिटला असता. पण यांना त्या पोथ्यांवरून रोजचं गणित करायचं होतं. नमाजाच्या वेळा काढायच्या होत्या, कुठल्याही गावातून मक्केची दिशा ठरवायची होती, दरबारासाठी पत्रिका मांडायच्या होत्या. दोन पुस्तकांतून दोन उत्तरं आली, की कुणाचं धरायचं हे ठरवावंच लागतं.

आधी ही पुस्तकं तिथे पोहोचली कशी ते पाहू. खलिफा अल-मन्सूरने ७६२ साली बगदाद वसवायला घेतलं. त्यानंतर साधारण दहा वर्षांनी सिंधकडून एक शिष्टमंडळ त्याच्या दरबारात आलं. त्यात ग्रहगणित जाणणारा एक भारतीय होता आणि त्याच्याजवळ ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला एक संस्कृत ग्रंथ होता. ब्रह्मगुप्ताने आपला ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ ६२८ साली भिल्लमाळ, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळमध्ये लिहिला होता. त्या सामग्रीवरून अल-फझारीने अरबीत गणितग्रंथ रचला. तो ‘सिंदहिंद’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे अल-ख्वारिझ्मीने, ज्याच्या पुस्तकामुळे बीजगणिताला ‘अल्जिब्रा’ हे नाव मिळालं त्यानेच, याच पद्धतीवर आपली सारणी बांधली. इराणच्या सासानी राजांच्या काळातल्या सारण्याही वापरात होत्या. त्यांच्यावरही भारतीय गणिताचा ठसा होताच.

दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ज्योतिष्याचा ग्रीक ग्रंथ अरबीत नीट यायला मात्र वेळ लागला. अल-हज्जाज इब्न मतर याचं भाषांतर ८२७-२८च्या सुमाराचं आहे. म्हणजे बगदादचे लोक भारतीय पद्धतीने दोन पिढ्या गणित करत होते आणि मग हा नवा पाहुणा आला. टॉलेमीची खासियत अशी, की तो कारणं देतो. अमुक साली अमुक निरीक्षण केलं, त्यावरून अमुक भूमिती लावली, म्हणून हा आकडा. आपले सिद्धांतग्रंथ श्लोकबद्ध आणि आटोपशीर. रीत सांगतात, आकडा देतात, पण तो आकडा कुठून आला हे बहुतेक सांगत नाहीत. ते गुरूच्या तोंडून कळायचं आणि ती गुरुपरंपरा काही पोथीबरोबर बगदादला आली नव्हती.

खलिफा अल-मामूनने (कारकीर्द ८१३ ते ८३३) या मतभेदाचा निकाल लावण्यासाठी आकाशच मोजायला सांगितलं. बगदादच्या अश-शम्मासिय्या भागात ८२८च्या सुमारास निरीक्षणं सुरू झाली. याह्या इब्न अबी मन्सूर हा तिथला प्रमुख ज्योतिषी होता. थोड्या वर्षांनी दमास्कसजवळच्या कासियून डोंगरावर दुसरी वेधशाळा उभी राहिली.

परमक्रांती मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. भिंतीवर वर्तुळाचा एक चतुर्थांश भाग आखायचा, त्यावर अंश-कला कोरायच्या आणि रोज मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे ते लिहून ठेवायचं. उन्हाळ्यात एक दिवस ही उंची सर्वांत जास्त भरते, हिवाळ्यात एक दिवस सर्वांत कमी. दोहोंची वजाबाकी करून निम्मं केलं की झाली परमक्रांती.

आकडे घालून बघू. बगदादचा अक्षांश साधारण ३३ अंश २० कला आहे. आजच्या हिशेबाने ८३० साली तिथे सूर्याची उन्हाळ्यातली सर्वाधिक मध्यान्ह-उंची सुमारे ८० अंश १५ कला असणार आणि हिवाळ्यातली सर्वांत कमी उंची ३३ अंश ५ कला. फरक ४७ अंश १० कला, त्याचा निम्मा २३ अंश ३५ कला. या रीतीची गंमत अशी, की आपण नेमक्या कुठल्या अक्षांशावर उभे आहोत हे ठाऊक नसलं तरी चालतं, कारण वजाबाकीत अक्षांश उडून जातो. शिवाय अयनाच्या, म्हणजे सूर्य माघारी फिरतो त्या दिवसाच्या, सुमारास सूर्याची उंची कितीतरी दिवस जवळपास तेवढीच राहते. नेमक्या दिवशी ढग आले आणि दुसऱ्या दिवशी मोजलं, तरी आकडा फारसा बिघडत नाही.

बगदादमध्ये उत्तर आलं २३ अंश ३३ कला. २४ नाही आणि २३ अंश ५१ कलाही नाही. दोन्ही पोथ्या चुकलेल्या निघाल्या. भारतीय आकडा २७ कलांनी जास्त होता आणि ग्रीक १८ कलांनी. आकाशातलं सूर्यबिंब सुमारे ३२ कलांचं असतं. म्हणजे भारतीय आकड्याची चूक जवळजवळ अख्ख्या सूर्यबिंबाएवढी होती. भिंतीएवढं यंत्र असेल तर एवढी चूक लपत नाही.

आता आपल्याला खरं उत्तर माहीत आहे, म्हणून त्यांचीही परीक्षा घेऊ. त्या वर्षी परमक्रांती साधारण २३ अंश साडेपस्तीस कला होती. म्हणजे ते दोन-अडीच कलांनी कमी पडले. यातला थोडा वाटा हवेचा आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि त्याचा प्रकाश वातावरणातून येताना किंचित वाकतो. त्यामुळे तो असतो त्याहून दीड कला वर दिसतो. वजाबाकी तेवढी लहान होते आणि निम्मं केल्यावर पाऊण कला कमी येते. बाकीची चूक यंत्राची. दमास्कसच्या वेधशाळेत सावली मोजण्यासाठी लोखंडाचा उंच खांब उभारला होता आणि ऊन-थंडीने त्या लोखंडाची लांबी बदलते, अशी तक्रार तेव्हाच नोंदली गेली आहे. मला ही तक्रार त्यांच्या आकड्याइतकीच मोलाची वाटते. यंत्र खोटं बोलू शकतं हे ज्याच्या लक्षात आलं, तो मोजमापाच्या धंद्यात मुरला म्हणायचं.

पण इथे एक पेच होता आणि तो त्यांना सोडवता येण्यासारखा नव्हता. परमक्रांती स्वतःच हळूहळू कमी होत असते, शंभर वर्षांत पाऊण कलेहून थोडी जास्त. टॉलेमीच्या काळी ती २३ अंश ४१ कलांच्या आसपास होती. म्हणजे टॉलेमी आणि बगदाद यांच्यातल्या अठरा कलांपैकी दहाएक कला टॉलेमीची चूक, पाच-सहा कला आकाशात खरोखर झालेला बदल आणि उरलेल्या बगदादच्या स्वतःच्या. जुना माणूस चुकला की आकाश बदललं, हे एका निरीक्षणावरून सांगता येत नाही. त्यासाठी शेकडो वर्षांच्या अंतराने घेतलेले, भरवशाचे अनेक वेध लागतात. म्हणूनच जुने आकडे चुकीचे ठरले तरी ते फेकून द्यायचे नसतात.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र हा पेच सुटला. ऋतू सारखे लांब नसतात. दिवस-रात्र सारखे असतात त्या मार्चमधल्या वसंतसंपातापासून जूनमधल्या दक्षिणायनापर्यंत जितके दिवस लागतात, त्याहून वेगळे दिवस तिथून सप्टेंबरमधल्या शरदसंपातापर्यंत लागतात. याचं कारण सूर्याची भासमान गती वर्षभर कमी-जास्त होते. ती सर्वांत मंद जिथे असते त्या जागेला आपण मंदोच्च म्हणतो. टॉलेमीने ते वसंतसंपातापासून ६५ अंश ३० कलांवर आहे आणि कायम तिथेच राहतं, असं सांगितलं होतं. तोच आकडा त्याच्याआधी जवळपास तीनशे वर्षं ग्रीक ज्योतिषी हिप्पार्कसने काढला होता. आपलाही तोच आला, म्हणून ते स्थिर, असा टॉलेमीचा युक्तिवाद.

हे तपासायचं तर ऋतूंची लांबी काटेकोर काढावी लागते. आणि इथे मघाचा फायदा तोट्यात जातो. अयनाच्या सुमारास सूर्याची उंची दिवसेंदिवस बदलत नाही, त्यामुळे सूर्य नेमका कधी वळला ती वेळच सापडत नाही. एक-दोन दिवसांची चूक सहज होते. मामूनच्या ज्योतिष्यांनी अयनबिंदू सोडूनच दिले. संपात आणि अयन यांच्या बरोबर मधले चार बिंदू त्यांनी घेतले, कारण तिथे सूर्याची उंची रोज ठळकपणे बदलते आणि वेळ नेमकी पकडता येते. टॉलेमीची भूमिती त्यांनी तशीच ठेवली, मोजायची जागा तेवढी बदलली. उत्तर आलं ८२ अंश ३९ कला. टॉलेमीपासून सतरा अंश पुढे! सतरा अंश ही काही यंत्राची चूक म्हणून झटकता येण्यासारखी गोष्ट नव्हती. मंदोच्च सरकतं, हे मान्य करणं भाग पडलं. पुढे रक्का शहरात अल-बत्तानीने ८७७ ते ९१८ अशी चाळीस वर्षं वेध घेतले. त्याला मंदोच्च ८२ अंश १७ कला मिळालं आणि परमक्रांती २३ अंश ३५ कला, म्हणजे जवळजवळ अचूक. सहाशे वर्षांनी कोपर्निकस आपल्या ग्रंथात त्याचे आकडे घेतो.

मर्यादाही तिथेच दिसते. आकडे बदलले तरी पृथ्वी मध्यभागीच राहिली आणि ग्रहांची वर्तुळं टॉलेमीचीच राहिली. अल-मामूनच्या काळातल्या सारणीचं नावच ‘मुम्तहन’, म्हणजे पारखून घेतलेली, असं होतं. पण पारख झाली ती आकड्यांची.

दुसरा एक किस्सा वेगळ्या अडचणीचा आहे. ग्रीक ग्रंथांत लिहिलेलं होतं, की पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे ५०० स्टेडिया. वाक्य सुरक्षित होतं, भाषांतरही बरोबर होतं, पण एक स्टेडियम म्हणजे नक्की किती लांब, हे भाषांतरकारांना खात्रीने सांगता येईना. आपल्याकडच्या योजनाचंही तेच. कुणाचं चार कोसांचं, कुणाचं आणखी वेगळं. पुस्तक टिकलं आणि त्यातलं माप हरवलं!

अल-मामूनने माणसं सिंजारच्या मैदानावर पाठवली. हा उत्तर इराकमधला सपाट मुलूख. एका जागी त्यांनी ध्रुवाची उंची मोजली. मग दोरी ताणून, खुंट्या ठोकून, सरळ उत्तरेकडे मोजत निघाले. ध्रुव एक अंशाने वर चढला तिथे थांबले आणि किती दोऱ्या झाल्या ते मोजलं. दुसरी तुकडी तशीच दक्षिणेकडे गेली. उत्तर प्रचलित झालं ते असं: एका अंशाला ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल. हे मैल अरबी, चार हजार हातांचे. आपल्या आजच्या मैलापेक्षा बरेच मोठे.

यात काय बिघडू शकतं हे उघड आहे. दोरी ओली झाली की तिची लांबी बदलते, रेषा थोडी तिरकी गेली की अंतर वाढतं, ध्रुवाची उंची एका कलेने चुकली की जवळजवळ दोन किलोमीटरचा फरक पडतो. पण सर्वांत महागात पडली ती या मापाची पुढची वाटचाल. अल-फर्गानीच्या पुस्तकातून हा आकडा लॅटिनमध्ये गेला आणि कोलंबसने त्यातले मैल इटालियन मैल समजून वाचले. ते लहान होते. त्यामुळे त्याची पृथ्वी चौथ्या हिश्श्याने आक्रसली आणि पश्चिमेकडून आशिया जवळ आहे अशी त्याची समजूत पक्की झाली. स्टेडियमचं झालं तेच अरबी मैलाचं झालं.

वैद्यकात पोथीचीच दुरुस्ती हे मोठं काम होतं आणि त्यात हुनैन इब्न इसहाकला तोड नाही. हा हीरा गावचा ख्रिस्ती वैद्य, जन्म ८०८च्या सुमाराचा, मृत्यू ८७३. ग्रीक, सिरियाक आणि अरबी या तिन्ही भाषा त्याला येत. ग्रीक वैद्य गालेनच्या १२९ पुस्तकांची यादी त्याने एका पत्राच्या रूपाने लिहिली आहे. प्रत्येक पुस्तकाचं आधी कुणी भाषांतर केलं, ते कसं होतं, आपण कुणासाठी केलं, पोथी कुठे मिळाली, सगळं त्यात आहे. बगदादच्या भाषांतरांचं नाव निघालं की लोक ‘बैत अल-हिक्मा’ या भव्य संस्थेबद्दल बोलू लागतात. तिच्याविषयीचे पुरावे फारच तुटपुंजे आहेत; बहुधा ते राजवाड्यातलं ग्रंथालय असावं. हुनैनच्या पत्रात दिसतात ती पैसे देऊन पुस्तक करवून घेणारी माणसं: वैद्य, अधिकारी, आणि यंत्रं-गणिताच्या नादी लागलेले श्रीमंत बनू मूसा बंधू.

गालेनच्या वैद्यकपंथांवरच्या एका छोट्या पुस्तकाची हकिकत हुनैन स्वतः सांगतो. विशीत असताना त्याने ते एका अतिशय चुकीच्या ग्रीक पोथीवरून सिरियाकमध्ये आणलं. चाळिशीच्या सुमारास त्याचा शिष्य हुबैश याने ते सुधारून मागितलं. तोवर हुनैनजवळ त्याच पुस्तकाच्या अनेक ग्रीक पोथ्या जमल्या होत्या. त्याने आधी त्या एकमेकींशी ताडून एक शुद्ध ग्रीक पाठ तयार केला आणि मगच त्या पाठावरून आपलं जुनं भाषांतर तपासलं. ‘माझ्या सगळ्याच भाषांतरांत ही माझी रीत आहे’, असं तो म्हणतो. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ते काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. गालेनचं तर्कपद्धतीवरचं एक मोठं पुस्तक शोधायला हुनैन इराक, सिरिया, पॅलेस्टाइन फिरून थेट अलेक्झांड्रियापर्यंत गेला. दमास्कसमध्ये त्याला ते सापडलं, पण निम्मंच, तेही विस्कळीत आणि तुटक. आज ते पुस्तक हरवलेलंच आहे.

भारतीय वैद्यकालाही बगदादमध्ये जागा होती. चरक आणि सुश्रुत अरबीत उतरले होते. अली इब्न रब्बन अत-तबरीने ८५० साली आपला वैद्यकग्रंथ पुरा केला, तेव्हा त्याचा शेवटचा भाग खास भारतीय वैद्यकाला दिला. पण तो भाग शेवटी आणि वेगळा जोडलेला आहे. ग्रंथाचा सांगाडा गालेनचाच. भारतीय औषधं आणि उपचार अरबी वैद्यांनी घेतले, त्रिदोषाची चौकट मात्र बाजूला राहिली.

या सगळ्या पोथ्या वापरून कामाला बसलेला माणूस म्हणजे अर-राझी. तेहरानजवळच्या रय इथला हा वैद्य ९२५च्या सुमारास वारला. त्याच्या टिपणवह्यांत एकेका रोगाखाली गालेन काय म्हणतो, सिरियाक वैद्य काय म्हणतात, चरक काय म्हणतो, हे ओळीने उतरवलेलं असतं आणि शेवटी ‘माझं मत’ अशी खूण करून तो स्वतःचं सांगतो. गालेनविषयीच्या शंका त्याने एका स्वतंत्र पुस्तकात मांडल्या. गालेन सांगतो तशा वळणाने न जाणारे तापाचे रुग्ण आपण रुग्णालयात कितीतरी पाहिले, ही त्यातली एक.

एके ठिकाणी तो मेंदूच्या तापाबद्दल लिहितो. डोकं जड, मान दुखते, उजेड सहन होत नाही अशी लक्षणं दिसली, तर शीर तोडून रक्त काढावं. पुढे त्याने लिहिलंय, की मी एका गटाचं रक्त काढून त्यांना वाचवलं, दुसऱ्या गटाचं मुद्दाम काढलं नाही, म्हणजे निष्कर्ष काढता येईल. त्या दुसऱ्या गटातल्या सगळ्यांना तो रोग झाला. उपचार केलेले आणि न केलेले असे दोन गट हेतुपुरस्सर ठेवल्याची ही फार जुनी नोंद आहे. निष्कर्ष मात्र चुकला. रक्त काढल्याने मेंदूचा ताप टळत नाही. प्रत्येक गटात किती माणसं होती आणि कोणाला कुठल्या गटात टाकायचं हे कसं ठरवलं, याचा त्यात पत्ता नाही. ज्यांची अवस्था आधीच जास्त वाईट होती ते दुसऱ्या गटात गेले असतील, तरीही हेच उत्तर आलं असतं.

राझी गेला तेव्हा ही टिपणं विस्कळीतच होती. मरणानंतर शिष्यांनी ती जुळवून त्यांचा ‘अल-हावी’ नावाचा प्रचंड ग्रंथ केला आणि १२७९ साली सिसिलीच्या राजासाठी फरज बेन सालिम या ज्यू वैद्याने तो लॅटिनमध्ये आणला.